चुकीचं बिल आलं, फोन कोणी उचलत नाही? मग मेल असा लिहा

व्हिडिओत मेलचा मजकूर पटकन सरकला, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय.

एक उदाहरण घेऊ. तुमचं स्टेशनरीचं दुकान आहे. एसी सर्व्हिसिंगचं तुमचं बिल २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६० रुपये व्हायला हवं. पण कंपनीने सारख्या नावाच्या दुसऱ्या दुकानाचं ४,७२० रुपयांचं बिल तुमच्या जीएसटी नंबरवर फाडलं. तुमचं बिल गेलं त्यांच्याकडे. चार वेळा फोन केला, उत्तर नाही.

आता पाचवा फोन करू नका. फोनचा पुरावा राहत नाही. आधी जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून आयएमएसमध्ये जा आणि ते बिल शोधून त्याच्यापुढे Reject करा. काहीच केलं नाही, तर तुमचं ३बी तयार होताना ते बिल मान्य केल्यासारखं धरलं जातं आणि दुसऱ्याचं ७२० रुपयांचं क्रेडिट तुमच्या खात्यात येतं. ते वापरलं गेलं, तर नंतर व्याजासकट परत करायची पाळी येऊ शकते.

मग कंपनीच्या अकाउंट्स विभागाला मेल. विषयात बिल नंबर आणि तारीख टाका. मजकूर एवढाच:

“सदर बिलातील काम आमच्या दुकानात झालेले नाही. आमच्या कामाची रक्कम २,३६० रुपये आहे. आम्ही अमुक तारखांना फोन केले, उत्तर मिळाले नाही. कृपया ७ दिवसांत (१) जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करावी, (२) आमच्या नावाचे व जीएसटी नंबरचे योग्य बिल द्यावे, (३) लेटरहेडवर लेखी दिलगिरी द्यावी. योग्य बिल मिळताच पैसे देऊ.”

सोबत चुकीचं बिल, कामाच्या दिवशीची जॉब शीट आणि कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडा. जॉब शीटवर तुमच्या दुकानाचा पत्ता असतो, त्यामुळे वादच राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, माफी कशाला हवी? मान मिळवायला नाही हो! त्या पत्रात “४,७२० रुपये आपल्याकडून येणे नाहीत” हे वाक्य मागून घ्या. सहा महिन्यांनी वसुलीवाला दारात आला, तर हाच कागद दाखवायचा. नुसतं “गैरसोयीबद्दल क्षमस्व” लिहून आलं, तर पत्र परत पाठवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्राहकाचा जीएसटी नंबर चुकला असेल, तर कंपनीला तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच बदलता येतो. म्हणून तुमचं ३६० रुपयांचं क्रेडिट महिनाभर उशिरा दिसेल. तेवढं थांबा. पण दुरुस्तीलाही मुदत असते: आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा ३० नोव्हेंबर, किंवा कंपनीने त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तो दिवस.

सात दिवसांत उत्तर नाही आलं, तर हाच मजकूर स्पीड पोस्टने नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. पोचपावती फाईलला लावा.