पेन्शन किती विकायची?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला निवृत्तीआधी जी पुस्तिका मिळते, तिच्यात पानं पुष्कळ असतात, पण कर्मचाऱ्याला स्वतः ठरवायच्या गोष्टी फार थोड्या असतात. पेन्शन किती बसणार ते शेवटचा पगार ठरवतो. ग्रॅच्युइटी किती मिळणार ते पगार आणि नोकरीची वर्षं मिळून ठरवतात. खरा निर्णय घ्यावा लागतो तो एका रकान्यात. पेन्शनचा किती टक्के भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे? नियमात याला अंशराशीकरण म्हणतात. जास्तीत जास्त 40 टक्के विकता येते, आणि बहुतेक जण तिथं डोळे मिटून 40 लिहितात, कारण शेजारच्या टेबलावरच्यानं तेच लिहिलेलं असतं. तो आकडा विचार करून लिहावा, एवढ्यासाठीच हा लेख.

आधी एक खुलासा. इथले नियम 1 जानेवारी 2004 पूर्वी केंद्राच्या नोकरीत लागलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन लागू असलेल्यांसाठी आहेत. त्या तारखेनंतर लागलेल्या बहुतेकांना एनपीएस आहे आणि त्याचा हिशेबच निराळा. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना 1982 चे निवृत्तिवेतन नियम आणि 1984 चे अंशराशीकरण नियम लागतात. तिथं जुन्या पेन्शनची सीमा 1 नोव्हेंबर 2005 ही आहे आणि निवृत्तीचं वयही बहुतेकांना 58 आहे. हिशेबाची रीत मिळतीजुळती असली, तरी आकडे आपापल्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

आता एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका टपाल कार्यालयातले कर्मचारी आहेत असं समजू. जन्म 12 नोव्हेंबर 1965, नोकरीची सुरुवात 1 ऑगस्ट 1993. साठी पूर्ण झालेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे 30 नोव्हेंबर 2025 ला, ते निवृत्त होतात. शेवटचं मूळ वेतन 60,400 रुपये आणि त्या वेळचा महागाई भत्ता 58 टक्के.

पेन्शनचा हिशेब एका ओळीत संपतो. शेवटच्या मूळ वेतनाचे किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीचे, जे फायद्याचं असेल त्याचे, निम्मे. म्हणजे 30,200 रुपये. किमान दहा वर्षांची पात्र सेवा झाली की हे निम्मं पूर्ण मिळतं. पूर्ण पेन्शनला 33 वर्षं लागतात हा समज अजूनही ऐकू येतो. तो नियम एके काळी होता, आता नाही. 33 वर्षांना महत्त्व उरलं आहे ते ग्रॅच्युइटीपुरतं.

ग्रॅच्युइटीत मूळ वेतनासोबत महागाई भत्ताही धरतात. आपल्या उदाहरणात 60,400 आणि 35,032 मिळून 95,432 रुपये. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीला या रकमेचा चौथा हिस्सा मिळतो. 66 सहामाह्या, म्हणजे 33 वर्षं, झाली की साडेसोळा पट होते आणि तिथं गणती थांबते. रकमेची कमाल मर्यादा 1 जानेवारी 2024 पासून 25 लाख आहे. या गृहस्थांची नोकरी 32 वर्षं 4 महिने झाली. वर्षाच्या वरचे तीन किंवा अधिक महिने एक सहामाही धरले जातात, म्हणून 65 सहामाह्या, आणि ग्रॅच्युइटी 15,50,770 रुपये.

पण कागदावरची नोकरी आणि पात्र सेवा या दोन गोष्टी आहेत. समजा 1998 मध्ये त्यांनी घरच्या कामासाठी पाच महिने विनावेतन रजा घेतली होती, वैद्यकीय दाखल्याशिवाय. अशी रजा पात्र सेवेत धरत नाहीत. मग सेवा उरते 31 वर्षं 11 महिने, सहामाह्या 64, आणि ग्रॅच्युइटी 15,26,912. फरक 23,858 रुपयांचा. पेन्शन मात्र तीच राहते, कारण दहा वर्षांची अट केव्हाच ओलांडलेली असते. याहून वाईट म्हणजे रजा आजारपणाची असूनही दाखल्याची नोंद सेवापुस्तकात चढलेली नसते. बदली झाली त्या वर्षी आधीच्या कार्यालयानं सेवा पडताळणीचा शेरा मारलेला नसतो, तेही असंच अडतं. नियमानं 18 वर्षं सेवा झाल्यावर आणि पुन्हा निवृत्तीला पाच वर्षं उरल्यावर कार्यालयानं पात्र सेवेचा दाखला द्यायचा असतो. तो मागून घ्यावा. पंचवीस वर्षांपूर्वीचा रजेचा आदेश पाच वर्षं हातात असताना शोधता येतो. शेवटच्या दोन महिन्यांत तो मिळेलच याची खात्री नसते.

ग्रॅच्युइटीतूनच सरकार आपली येणी वळती करून घेतं. घरबांधणी अग्रिमाची बाकी, चुकीच्या वेतननिश्चितीनं जादा गेलेला पगार, सरकारी क्वार्टरचं भाडं यातून वजा होतं. विभागीय चौकशी किंवा न्यायालयीन प्रकरण चालू असेल, तर तात्पुरती पेन्शन सुरू होते, पण ग्रॅच्युइटी निकालापर्यंत अडकते आणि पेन्शन विकायलाही परवानगी नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपले गृहस्थ 40 टक्के लिहितात. 30,200 चे 40 टक्के 12,080. ही मासिक रक्कम, गुणिले 12, गुणिले तक्त्यातला गुणक. गुणक पुढच्या वाढदिवसाच्या वयावर ठरतो. साठी पूर्ण झालेल्याला पुढचा वाढदिवस एकसष्टावा, म्हणून 8.194. गुणाकार होतो 11,87,803 रुपये. ही रक्कम सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त असते. बदल्यात पंधरा वर्षं दरमहा 12,080 रुपये कमी मिळतात, म्हणजे हातात मूळ पेन्शन 18,120 राहते. महागाई दिलासा मात्र न विकलेल्या, पूर्ण 30,200 वर मिळत राहतो. 58 टक्क्यांनी तो 17,516 होतो, म्हणजे दरमहा एकूण 35,636. काहीच विकलं नसतं तर 47,716 मिळाले असते.

पंधरा वर्षांत सोडलेली रक्कम 21,74,400 भरते. अकरा लाख अठ्ठ्याऐंशी हजार घेऊन पावणेबावीस लाख फेडायचे, हे ऐकून पुष्कळ जण दचकतात आणि सरकार लुटतं असं म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. याकडे कर्ज म्हणून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. बँकेकडून 11 लाख 88 हजार 9 टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता 12,050 च्या आसपास बसतो. म्हणजे पेन्शन विकणं हे जवळपास 9 टक्के व्याजाचं कर्ज आहे, आणि ते बिनतारण, बिनजामिनाचं, साठाव्या वर्षी मिळणारं.

त्यात एक गोष्ट बँकेच्या कर्जात नसते. पेन्शनर पंधरा वर्षं पुरी होण्याआधी वारला, तर उरलेली वसुली कुटुंबाकडून होत नाही. कुटुंब पेन्शनचा हिशेब विकलेल्या पेन्शनवर नव्हे, तर शेवटच्या पगारावर होतो. या उदाहरणात पत्नीला पतीच्या मृत्यूपासून सात वर्षं किंवा त्यांना 67 वर्षं पूर्ण झाली असती त्या तारखेपर्यंत, यापैकी जे आधी येईल तोवर, 30,200 आणि नंतर पगाराच्या 30 टक्के, म्हणजे 18,120. ज्याची तब्येत नाजूक आहे त्याच्यासाठी म्हणूनच 40 टक्के विकणं शहाणपणाचं ठरतं. प्रकृती ठणठणीत आणि घराण्यात नव्वदी गाठायची परंपरा असेल, तर त्याला हे 9 टक्के पूर्ण भरावे लागणार, हे धरून चालावं.

मग आकडा कसा ठरवायचा? पैसे कशाला हवेत ते आधी पाहायचं. अंगावर 12-13 टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज असेल, तर पेन्शन विकून ते फेडण्यात उघड फायदा आहे. मुलीचं लग्न, घराचं अर्धवट काम, यासाठी ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी मिळून पुरत नसेल, तर कमी पडणाऱ्या रकमेपुरतंच विकावं. 40 ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. 15 किंवा 20 टक्केही लिहिता येतात. पण पैसे घेऊन मुदत ठेवीत टाकायचे, एवढाच बेत असेल, तर मला तो पटत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा 2025 मधला दर 8.2 टक्के आहे आणि ते व्याज करपात्र आहे. 9 नं घेऊन 8.2 नं ठेवायचं, यात दरमहा तोटाच आहे. ‘पेन्शन कमी झाली की टॅक्स वाचतो’ असंही सांगितलं जातं. 47,716 दरमहा, म्हणजे वर्षाला पावणेसहा लाखांच्या आत. एवढ्याच उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागतच नाही, तर वाचणार काय? इतर उत्पन्न मोठं असेल त्यानंच हा मुद्दा विचारात घ्यावा.

निर्णय निवृत्तीआधीच घेणं बरं. पेन्शनचे कागद निवृत्तीच्या सहा महिने आधी द्यायचे असतात, त्यातच अंशराशीकरणाचा अर्ज असतो. तसा दिला की निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून तो पक्का होतो. त्यानंतर आणि पैसे हाती येण्याआधी माणूस गेला, तरी ती रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला मिळते. म्हणून तिथलं नामनिर्देशन कोरं ठेवू नये. अर्ज करायचा राहिला, तर निवृत्तीनंतर एक वर्षापर्यंत वैद्यकीय तपासणीशिवाय देता येतो, त्यानंतर तपासणी लागते. वाढदिवस उलटला की गुणकही उतरतो: बासष्टाव्या वाढदिवसाकडे निघालेल्याला 8.194 ऐवजी 8.093. आणि एकदा पक्कं झालेलं अंशराशीकरण मागे घेता येत नाही.

1986 पर्यंत विकलेली पेन्शन जन्मभर परत मिळत नसे. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षी डिसेंबरमध्ये पंधरा वर्षांनी ती पूर्ववत करण्याचा मार्ग मोकळा केला. आता ही मुदत बारा वर्षांवर आणा, अशी कर्मचारी संघटनांची मागणी आहे. मला ती रास्त वाटते, कारण व्याजदर उतरले तरी तक्ता 2008 चाच आहे.

पंधरा वर्षं कधीपासून मोजायची, यावर मात्र घोळ होतो. ती पेन्शनमधून कपात सुरू झाल्यापासून मोजतात. रक्कम पहिल्याच महिन्यात जमा झाली, तर आपल्या गृहस्थांची कपात 1 डिसेंबर 2025 पासून धरली जाईल आणि 1 डिसेंबर 2040 ला पूर्ण पेन्शन सुरू व्हायला हवी. रक्कम उशिरा, समजा 20 जानेवारी 2026 ला जमा झाली, तर तोवर पूर्ण पेन्शन मिळते आणि पंधरा वर्षंही त्या तारखेपासून सुरू होतात. म्हणून रक्कम ज्या दिवशी खात्यात आली, त्या दिवसाची पासबुकातली नोंद आणि पीपीओची प्रत एकत्र ठेवावी. घरात दुसऱ्या कोणाला तरी ती कुठं आहे हे माहीत असावं. मुदत भरलेल्या महिन्याची पेन्शन जमा झाली की रक्कम तपासावी, आणि 12,080 ची भर दिसली नाही, तर त्याच आठवड्यात पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला किंवा बँकेला लेखी अर्ज द्यावा.