पान उघडतंय, मग जाहिरात बंद का?

‘माझ्या मोबाइलवर पान नीट उघडतंय, मग जाहिरात का थांबली?’ गुगलवर जाहिरात देणाऱ्या दुकानदाराच्या या प्रश्नाला एजन्सीने नेमकं उत्तर द्यायला हवं.

जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान गुगलचा AdsBot-Google हा स्वयंचलित प्रोग्रॅमही तपासतो. वेबसाइटवर नवी सुरक्षा यंत्रणा बसवली की ती कधी कधी त्यालाच अडवते. गिऱ्हाइकाला पान दिसतं, गुगलला मात्र 403 ही त्रुटी मिळते आणि जाहिरातीवर Destination not working असा शेरा पडतो.

अशा वेळी संदेश असा लिहावा : ‘तुमच्या जाहिरातीच्या मजकुरात दोष नाही. वेबसाइटची सुरक्षा यंत्रणा गुगलची तपासणी अडवते आहे. वेबसाइट सांभाळणाऱ्यांना AdsBot-Google ला परवानगी द्यायला सांगा. ते झालं की आम्ही फेरतपासणीची विनंती करू. ती बहुधा कामकाजाच्या एका दिवसात होते, क्वचित जास्त वेळ लागतो. तोवर या जाहिरातीवर खर्च होणार नाही.’

दुरुस्तीआधीच विनंती केली, तर पुन्हा नकारच येतो. शिवाय अंतिम निर्णय गुगलचा असल्यामुळे जाहिरात अमुक तारखेला सुरू होईल, असा शब्द ग्राहकाला देऊ नये.