इंग्रजीतला 'दॅट' कधी गाळता येतो?

इंग्रजीत एखाद्या नामाबद्दल अधिक माहिती देणारे छोटे वाक्य त्या नामाला लागूनच येते आणि 'हू', 'विच', 'दॅट' किंवा 'हूज' या शब्दाने त्याला जोडले जाते. माणसासाठी 'हू', वस्तूसाठी 'विच', दोन्हींसाठी 'दॅट' आणि मालकी किंवा नाते दाखवायला 'हूज', एवढी वाटणी शाळेतच पाठ होते. मराठी माणूस अडतो तो पुढे. 'द बुक दॅट आय बॉट' याऐवजी नुसते 'द बुक आय बॉट' चालते. मग 'द बुक दॅट फेल डाउन' मधला 'दॅट' का गाळता येत नाही?

हा जोडशब्द आपल्या छोट्या वाक्यात कोणते काम करतो, यावर ते ठरते. पहिल्या उदाहरणात विकत घेणारा कर्ता 'आय' हजर आहे आणि 'दॅट' हे कर्म आहे. दुसऱ्यात पडले ते पुस्तकच, म्हणजे 'दॅट' हाच 'फेल' चा कर्ता. कर्म गाळता येते, कर्ता नाही. 'द बुक दॅट फेल डाउन इज माइन' या वाक्यातला 'दॅट' काढून पाहावा. 'द बुक फेल डाउन' इथेच ऐकणाऱ्याला वाक्य संपल्यासारखे वाटते आणि उरलेले 'इज माइन' कुठे जोडायचे ते कळत नाही. उलट 'द बुक आय बॉट इज माइन' मध्ये 'बुक' नंतर लगेच दुसरा कर्ता आला, की मधे नवे वाक्य सुरू झाल्याचे आपोआप समजते.

मराठीत हा फरक जाणवतच नाही. 'मी घेतलेले पुस्तक' आणि 'खाली पडलेले पुस्तक' या दोन्ही रचनांत 'जे' गळते, मग पुस्तक कर्ता असो की कर्म. म्हणूनच 'द वुमन लिव्ह्ज नेक्स्ट डोअर इज अ नर्स' असे चुकीचे वाक्य मराठी कानाला खटकत नाही. 'जे पुस्तक मी घेतले, ते हरवले' या आपल्या जोडीतूनही एक चूक येते: 'द बुक विच आय बॉट, दॅट इज लॉस्ट'. इंग्रजीला 'जे' पुरते, 'ते' लागत नाही. 'द बुक विच आय बॉट इट' मधला 'इट' ही तसाच जादा आहे, कारण कर्माची जागा 'विच' ने आधीच घेतलेली असते.

व्यवहारात एक सोपी कसोटी उपयोगी पडते. जोडशब्दाच्या लगेच पुढे क्रियापद आले, तर तो ठेवावा. नाम किंवा सर्वनाम आले, तर गाळता येतो. 'ऑलवेज' सारखे क्रियाविशेषण मधे असेल, तर ते ओलांडून पुढचा शब्द पाहावा. 'द मॅन हू आय थिंक स्टोल द पर्स' हे वाक्य मात्र जाणकारांनाही फसवते. इथे 'हू' हा 'स्टोल' चा कर्ता आहे, तरीही 'द मॅन आय थिंक स्टोल द पर्स' हे शुद्धच ठरते, कारण 'आय थिंक' मधे आल्याने नवे वाक्य सुरू झाल्याची खूण मिळते. याच वाक्यात 'हू' च्या जागी 'हूम' लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. शिष्ट लेखनात 'हूम' कर्मासाठी असल्याने तो इथे चुकीचा समजला जातो.

ही कसोटी तीन ठिकाणी लागू करू नये. पहिले ठिकाण स्वल्पविरामांचे. 'माय ब्रदर, हू यू मेट यस्टरडे, इज अ डॉक्टर' यात भाऊ कोण हे आधीच ठरले आहे आणि मधली माहिती वरची आहे. 'हू' इथे कर्म असूनही गाळता येत नाही, आणि त्याच्या जागी 'दॅट' ही चालत नाही. स्वल्पविराम काढले, तर अर्थच बदलतो: भाऊ अनेक असावेत आणि त्यांपैकी काल भेटलेला डॉक्टर आहे.

दुसरे ठिकाण 'इन', 'टू' यांसारख्या शब्दांचे. 'द हाउस विच आय लिव्ह इन' मधला 'विच' गाळता येतो, पण 'इन' पुढे आणून 'द हाउस इन विच आय लिव्ह' असे म्हटले, तर नाही. तिथे 'दॅट' ही बसत नाही. बोलताना 'द हाउस आय लिव्ह इन' हेच सर्वांत स्वाभाविक. शेवटचा 'इन' मात्र विसरू नये. 'राहतो ते घर' म्हणण्याची सवय असलेल्यांकडून तो हमखास गळतो.

उरला 'हूज'. त्याच्या पुढे नेहमी नामच येते, म्हणून कसोटी त्याला गाळायला सांगेल. पण 'द गर्ल हूज फादर आय नो' मधला 'हूज' काढला, तर मुलगी आणि वडील यांचे नातेच तुटते. तो कधीच गाळता येत नाही. 'हूज' फक्त माणसांसाठी, हा समजही खरा नाही. 'अ हाउस हूज रूफ लीक्स', म्हणजे छत गळणारे घर, हे पूर्णपणे शुद्ध इंग्रजी आहे.