हक्काचे कागद, भाग ६ : पोचेवरची तारीख

दाखला हातात आला की लोक तो लॅमिनेट करून कपाटात ठेवतात. त्याच दाखल्यासाठी अर्ज दिला त्या दिवशी मिळालेली पोच मात्र दोन दिवसांत कुठेतरी हरवलेली असते. काम रखडले की सगळ्यात आधी तीच मागितली जाते. गेल्या आठवड्यात आपण अधिसूचित सेवांचा फलक कसा वाचायचा ते पाहिले. आज अर्ज खिडकीतून आत गेल्यावर बाहेर येणाऱ्या या पहिल्या कागदाबद्दल.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ येण्यापूर्वीही पोच मिळत होतीच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा गोल किंवा चौकोनी शिक्का, त्यात तारीख, खाली कारकुनाची आद्याक्षरे. आजही साध्या पत्राला तेवढेच मिळते, मग ते अंधेरीच्या के-पश्चिम वॉर्डात द्या की मुलुंडच्या टी वॉर्डात. तो शिक्का फक्त एवढेच सांगतो की कागद आमच्याकडे आला. काम कधी होईल, हे त्यावर नसते. 'पुढच्या आठवड्यात येऊन बघा' हे तोंडीच सांगितले जाते आणि पुढच्या आठवड्यात खिडकीवर दुसरेच कोणी बसलेले असते.

विलंब रोखायचा प्रयत्न आधी झाला नव्हता असे नाही. ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, तो २००५ चा अधिनियम सांगतो की सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. पण ते दिवस कार्यालयाच्या आत मोजायचे. फाईल कोणत्या टेबलावर कधी आली, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसे? २०१० मध्ये मध्य प्रदेशाने सेवांच्या हमीचा कायदा केला, नंतर इतर राज्ये त्या वाटेने गेली, आणि आपल्याकडे २८ एप्रिल २०१५ पासून हा हक्क लागू झाला. माझ्या मते त्यातला मोठा बदल असा, की दिवस मोजण्याचे साधन अर्जदाराच्या हातात आले.

कलम ५ अगदी स्पष्ट आहे. अर्ज मिळाल्याची पोच द्यायची आणि अर्ज कुठे व कोणत्या तारखेला मिळाला, त्याचा स्वतंत्र क्रमांक काय आणि तो किती मुदतीत निकालात निघेल, हे लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवायचे. हे सगळे कामाला हात लावण्याआधी. मुदत खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने अंदाजाने घालायची नसते. ती सेवेनुसार आधीच अधिसूचित केलेली असते, उदाहरणार्थ उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. निवडणूक किंवा नैसर्गिक आपत्ती असेल तर शासन ती वाढवू शकते. कर्मचाऱ्याला स्वतःच्या सोयीने ती वाढवता येत नाही.

आता खरी अडचण. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की मुदत मोजायची ती सर्व आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. म्हणजे पोचेवरची तारीख आणि दिवस मोजायला सुरुवात होण्याची तारीख या दोन वेगळ्या असू शकतात. बहुतेक भांडणे याच फटीतून निघतात.

समजा, घाटकोपरच्या भटवाडीतल्या एक बाई मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढत आहेत. घाटकोपर कुर्ला तालुक्यात येते आणि कुर्ल्याचे तहसील कार्यालय मुलुंडला आहे. त्या २ जूनला सेवा केंद्रातून अर्ज भरतात. रेशनकार्ड आणि आधार अपलोड होते, स्वयंघोषणापत्र होते. उत्पन्नाच्या पुराव्याच्या जागी मात्र घाईत मालकाच्या पगारपत्राऐवजी बँकेच्या पासबुकाचे पहिले पान चढते. प्रणालीला पीडीएफ मिळाली, ती अर्ज स्वीकारते आणि पोच छापून येते. १५ दिवसांच्या हिशोबाने बाई १७ जूनची वाट बघतात. १६ तारखेला कारकून अर्ज उघडतो, उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून त्रुटी दाखवून परत पाठवतो. बाई १८ तारखेला पगारपत्र देतात. आता कायद्याच्या भाषेत अर्ज १८ जूनला परिपूर्ण झाला आणि मुदत ३ जुलैपर्यंत गेली. प्रवेशाची तारीख त्याआधी निघून गेली, तरी कागदोपत्री कोणाचाच उशीर झालेला नाही.

मला हे मान्य होत नाही. चौदा दिवस अर्ज न उघडता ठेवायचा आणि पंधराव्या दिवसाच्या तोंडावर त्रुटी काढायची, याने मुदतीला अर्थ उरत नाही. तारीख देण्याआधी कागद तपासायला हवेत. उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद मोजके असतात : ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र. यादीसमोर खुणा करायला पाच मिनिटे पुरतात. त्रुटी तेव्हाच सांगितली असती तर बाईंनी ३ जूनला पगारपत्र आणले असते आणि दाखल्याची मुदत १८ जूनला संपली असती.

अर्जदाराच्या बाजूने याला एक साधा उपाय आहे. अर्ज कार्यालयात किंवा केंद्रात समक्ष देत असाल तर जोडपत्रांची यादी दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. ऑनलाइन भरत असाल तर अपलोड केलेल्या प्रत्येक फाईलचे नाव व तारीख टिपून ठेवा, शक्यतो त्या पडद्याचा फोटो काढा. पुढे वाद झालाच तर अर्ज कोणत्या दिवशी परिपूर्ण होता, हे यावरूनच ठरेल. आणखी एक तपासा. केंद्रातून मिळालेला कागद पोच आहे की नुसती शुल्काची पावती? रकमेच्या पावतीवर 'मुदत' हा शब्द नसेल, तर पोच वेगळी मागून घ्या. अर्ज क्रमांकावरून तो कुठवर आला ते आपले सरकार संकेतस्थळावर दिसते. चार-पाच दिवसांत काहीच हलले नाही तर तेव्हाच विचारा, चौदाव्या दिवसापर्यंत थांबू नका.

मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. फेटाळताना कारण लेखी द्यावे लागते, आणि अपील किती दिवसांत व कोणाकडे करायचे हेही कळवावे लागते. आपल्या उदाहरणात मुदत १७ जूनला संपली असे धरले, तर अपील १७ जुलैपर्यंत. सबळ कारण असेल तर त्यानंतरही, पण एकूण ९० दिवसांच्या आत. पुरेशा आणि वाजवी कारणाशिवाय सेवा दिली नाही असे ठरले तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, अर्थात त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच. रक्कम फार नाही. पण आपले नाव घालून दंडाचा आदेश निघणे कोणत्याही अधिकाऱ्याला नकोच असते.

हे सारे अधिसूचित सेवांपुरते. रस्त्यावरचा खड्डा किंवा शेजारचे बेकायदा बांधकाम यांच्या तक्रारीला महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार क्रमांक मिळतो. तक्रार म्हणजे सेवेचा अर्ज नव्हे, त्यामुळे त्या क्रमांकाच्या आधारे या कायद्याखाली अपील करता येत नाही.

पुढच्या आठवड्यात : प्रथम अपिलाचा अर्ज कसा लिहायचा, आणि त्याला पोचेची प्रत कुठे जोडायची.