आजी-आजोबांचे नातवंडांना सुट्टीचे बोलावणे

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी या, असे आजी-आजोबांनी नातवंडांना लिहिलेले पत्र दिसायला सोपे असते, लिहायला तितके नसते. ‘यंदा सुट्टीला नक्की या, आम्ही वाट पाहतो’ एवढे वाक्य मोठ्यांना पुरते. आठ वर्षांच्या मुलीला त्यातून काहीच दिसत नाही. गावी गेल्यावर नेमके काय करायचे, काय खायचे, कोण भेटणार, हे तिला हवे असते. असे बोलावणे कसे तयार होते, हे कोकणातल्या एका घरावरून पाहू.

समजा, घर राजापूर तालुक्यात आहे आणि नातवंडे मुंबईत. नात आठ वर्षांची, नातू पाच वर्षांचा. दोघे १० मेच्या सुमारास निघायचे आहेत. पत्रात काय लिहायचे हे ठरवते ती ही तारीख, कारण कोकणातला मे महिना दर आठवड्याला बदलतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात हापूस असतो, करवंदे काळी होऊ लागतात, फणस तयार असतो आणि काजूची शेवटची बोंडे झाडावर असतात. महिना संपता संपता हापूस आटोपतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो. एप्रिलमध्ये लगडलेले झाड पाहून आजोबांनी ‘झाडावरचे आंबे काढू’ असे लिहिले आणि मुले २८ मेला पोचली, तर त्यांना रिकामी फांदी दिसते. मुले असले वचन विसरत नाहीत. म्हणून पत्र लिहिताना आज अंगणात काय आहे ते न लिहिता मुले येतील त्या दिवशी काय असेल ते लिहावे.

आंब्याची सोय अढीमुळे होते. झेल्याने उतरवलेले तयार पण कच्चे आंबे भाताच्या पेंढ्यात थर लावून ठेवले की साधारण आठ-दहा दिवसांत पिकतात. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला अढी घातली, तर मुले पोचताना घरभर वास सुटलेला असतो. पोहण्याचे मात्र पत्रात लिहू नये. मेमध्ये कोकणातल्या बऱ्याच विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते.

हे सगळे धरून आजीने लिहिलेले पत्र असे होईल :

॥ श्री ॥

चिऊ आणि बंडू यांना खूप खूप आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण की, आपल्या कपिला गाईला वासरू झालं आहे. रंग तपकिरी. कपाळावर पांढरा ठिपका. त्याचं नाव अजून ठेवलेलं नाही. ते काम तुमचं.

वारा आला की मागच्या दारी आंबा पडतो. धप्प! आजोबा काठी घेऊन निघतात. खारूताई त्यांच्या आधी पोचते. तुम्ही याल तेव्हा माळ्यावर पेंढ्यात आंबे पिकत असतील. रोज सकाळी डोळे मिटायचे आणि वासाने पिकलेला आंबा शोधायचा. आजोबा चुकतात. तुम्ही बघा!

करवंदं काळी होतील. वाटी नको. पानाचा द्रोण करू.

गाडीत एक खूप लांब बोगदा लागेल. अंधार झाला की आकडे मोजायला लागा. किती झाले, ते मला सांगा.

बंडूसाठी कोडं. सगळ्यांची बी पोटात, माझी बी बाहेर. मी कोण? उत्तर परसात झाडावर लटकलं आहे.

चिऊ, रंगीत खडू आण. गोठ्याच्या दारावर वासराचं नाव लिहायचं आहे.

आजोबा स्टेशनवर येतील. ऊन असलं तरी हातात छत्री असेल. तीच खूण.

तुमची आजी, तुमचे आजोबा

या पत्रातली वाक्ये आखूड आहेत. बहुतेक वाक्यांत एकच गोष्ट आहे. दुसरी-तिसरीतले मूल लांब वाक्याच्या मध्यावर पोचेपर्यंत सुरुवात विसरते, आणि जोडाक्षरे दाटीने आली की अडखळते. शहरात इंग्रजी माध्यमात शिकणारी नात मराठी बोलते सफाईने, पण वाचते सावकाश. तिच्यासाठी अक्षर मोठे, शब्दांमध्ये मोकळी जागा आणि बोलण्यातली भाषा ठेवावी. ‘पेंढा’ किंवा ‘परस’ यांसारखा एखादा अनोळखी शब्द राहू द्यावा. तिथे मूल आईला विचारते आणि पत्रावर घरात बोलणे सुरू होते. पाच वर्षांच्या नातवाला पत्र वाचून दाखवावे लागणार, म्हणून ‘धप्प’ हवे. ऐकणाऱ्या मुलाला आवाजाचे शब्द आधी सापडतात.

दुसरी गोष्ट अशी, की या पत्रात मुलांना कामे दिली आहेत. वासराचे नाव ठेवणे, आंबा हुंगणे, बोगद्यात मोजणे, खडू आणणे. नुसत्या मेजवानीच्या यादीपेक्षा ही कामे मुलांना जास्त ओढतात, कारण आपण गेलो नाही तर वासराचे नाव अडेल, असे त्यांना वाटते. बोगदाही खराच आहे. कोकण रेल्वेवर रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो आणि मुंबईहून राजापूरला जाणारी गाडी त्यातूनच जाते. रात्रीची गाडी असेल, तर मात्र हे वाक्य गाळावे. मुले झोपलेली असतील. कोड्याचे उत्तर काजू. त्याची बी बोंडाच्या खाली बाहेर लोंबते, हे शहरातल्या मुलाने पाहिलेले नसते. उत्तर पत्रात लिहू नये.

अशा पत्रात बिघडते ते बहुधा एकाच ठिकाणी. लिहिता लिहिता आजी मनातले बोलून जाते : घर रिकामे वाटते, आता आमचे वय झाले, पुढच्या वर्षी कोण जाणे. यात खोटे काहीच नसते, पण आठ वर्षांच्या मुलीला त्याचे काय करावे हे कळत नाही. ती गप्प होते, किंवा आईला विचारते, ‘आजी आजारी आहे का?’ ‘आला नाहीत तर बोलणार नाही’ ही लाडाची धमकीही लहान मूल खरी मानते. हे बोलणे मुलाशी-सुनेशी फोनवर करावे. पत्र जमले की नाही, हे मुलांच्या उलट प्रश्नांवरून कळते. ‘वासरू मारते का?’ असा फोन आला, तर जमले. ‘हो, येऊ’ एवढेच आले, तर पत्रात मुलांना धरता येईल असे काही नव्हते.

पत्र पोस्टाने पाठवावे. पोचायला आठवडाभर धरून एप्रिलच्या मध्यावर टाकले, तर ते परीक्षेच्या दिवसांत किंवा लगेच नंतर हातात पडते. वासराचा फोटो मोबाइलवर आधी पाठवू नये, नाहीतर पत्रातली गंमत जाते.

आई-वडिलांचे बोलणे मात्र पत्राच्या कितीतरी आधी व्हायला हवे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. म्हणजे १० मेच्या गाडीसाठी ११ मार्चलाच तिकीट काढायला बसावे लागते आणि सुट्टीच्या गाड्या भराभर भरतात. तारीख पक्की झाल्यावरच मुलांना लिहावे. औषधे, करवंदीच्या काट्यांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे, विंचवाकाट्यासाठी बंद बूट आणि कच्च्या काजूच्या टरफलातला चीक कातडी भाजतो ही सूचना, हे सारे मोठ्यांसाठी वेगळ्या कागदावर लिहून त्याच पाकिटात घालता येते.