डिस्चार्जच्या वेळी खिशातून किती?

अंबरनाथमधल्या ६७ वर्षांच्या आजोबांचे घरात पडून खुब्याचे हाड मोडले, असे समजू. शस्त्रक्रियेचे बिल झाले २ लाख ४० हजार रुपये. विमा १० लाखांचा आणि कॅशलेस दावाही मंजूर. तरीही डिस्चार्जच्या दिवशी मुलाला ६० हजार रुपये भरावे लागतात. कारण पॉलिसीत २० टक्के को-पेमेंटची अट आहे.

को-पेमेंट म्हणजे दाव्यातला रुग्णाचा टक्केवारीतला वाटा. तो पूर्ण बिलावर लागत नाही. हातमोजे, नोंदणी शुल्क, नातेवाइकांचे जेवण असा विम्यात न बसणारा खर्च कंपनी आधी वगळते. इथे तो १५ हजार धरला, तर ग्राह्य रक्कम उरते २ लाख २५ हजार. तिचे २० टक्के ४५ हजार आणि वगळलेले १५ हजार मिळून झाले ६० हजार.

याच आजोबांच्या पॉलिसीत को-पेमेंटऐवजी ५० हजारांचे डिडक्टिबल असते तर? डिडक्टिबल ही ठरलेली रक्कम असते. ग्राह्य खर्चातले पहिले ५० हजार रुग्णाचे, त्यापुढचे कंपनीचे. वगळलेले १५ हजार त्यात मोजले जात नाहीत. म्हणजे खिशातून ६५ हजार. इथे दोन्हींत फारसा फरक नाही.

खरा फरक बिल लहान किंवा मोठे झाले की कळतो. उल्हासनगरच्या एखाद्या रुग्णालयात डेंग्यूसाठी ४० हजारांचा ग्राह्य खर्च आला, तर को-पेमेंटमध्ये ८ हजार भरावे लागतील. डिडक्टिबलमध्ये मात्र सगळे ४० हजार. उलट, बदलापूरच्या रुग्णाची बायपास होऊन ग्राह्य खर्च ६ लाख झाला, तर को-पेमेंटचा वाटा १ लाख २० हजारांवर जातो. डिडक्टिबल ५० हजारांवरच थांबते. दोन्ही वाटे सारखे होतात अडीच लाखांवर, कारण अडीच लाखांचे २० टक्के ५० हजारच होतात. आपल्या पॉलिसीतले डिडक्टिबल भागिले को-पेमेंटची टक्केवारी, एवढे गणित केले की ही सीमारेषा सापडते.

या दोन्ही अटींमुळे हप्ता कमी होतो, म्हणून त्या नकळत स्वीकारल्या जातात. डिडक्टिबल असेल तर ते वर्षातून एकदा लागते की प्रत्येक दाव्याला, हे पाहावे. प्रत्येक दाव्याला लागत असेल, तर वर्षात दोनदा दाखल झाल्यास ५० हजारांचे एक लाख होतील. को-पेमेंट असेल तर ते वयामुळे लागू आहे की शहरामुळे, हे तपासावे. काही पॉलिसींमध्ये कमी हप्त्याच्या झोनमधल्या ग्राहकाने वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तरच ते लागते. हे झोन प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. त्यामुळे बदलापूरचा पत्ता कोणत्या झोनमध्ये धरला आहे, हे मुंबईत उपचार घेण्यापूर्वीच विचारलेले बरे.

पॉलिसीसोबत मिळणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकात या दोन्ही अटी लिहिलेल्या असतात. नवी पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत, अटी मान्य नसतील, तर ती परत करता येते.