दुकानदाराचे हात कोण बांधतो?



पेरणीच्या दिवसांत मोताळ्याच्या कृषी केंद्रावर युरिया किंवा डीएपी मागितलं, की कधीकधी ऐकायला मिळतं, "सोबत ही बाटलीही घ्यावी लागेल." आपण दुकानदारावर चिडतो. पण खूपदा तो सांगतो, "बाई, मलाही कंपनीनं असंच दिलंय." त्याचं म्हणणं खरं असेल, तर अट आपल्यापर्यंत येण्याआधी कंपनी आणि दुकानदार यांच्यात ठरलेली असते. आज आपण अशाच अटींबद्दल बोलू.

स्पर्धा अधिनियम 2002 च्या कलम 3(4) मध्ये कंपनी आणि विक्रेता यांच्यातल्या अटींचे काही प्रकार सांगितले आहेत. त्यातले तीन आपल्या रोजच्या ओळखीचे. पहिला, एका मालासोबत दुसरा माल घ्यायला लावणं. यालाच आपण लिंकिंग म्हणतो. दुसरा, "आमचाच माल ठेवायचा, दुसऱ्या कंपनीचा नाही," ही अट. तिसरा सहज दिसत नाही. तो म्हणजे दुकानदारानं पुढे कोणत्या किमतीला विकायचं, हे कंपनीनंच बांधून देणं.

तुम्ही म्हणाल, डब्यावर एमआरपी छापलेली असतेच की! पण एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. तिच्या वर जायचं नाही, खाली यायला मोकळीक आहे. कंपनी जेव्हा म्हणते, "याच्या खाली विकू नकोस," तेव्हा प्रश्न उभा राहतो. मग मलकापूरला विचारा की बुलढाण्याला, भाव एकच. आपण घासाघीस करतो, पण समोरच्याच्या हातात काही नसतं.

हे कसं चालतं, ते मारुती सुझुकीच्या प्रकरणात नीट दिसलं. 2017 साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-मेल आला. तो महाराष्ट्रातल्या विक्रेत्यांबद्दल होता. कंपनीनं जाहीर केलेल्या सवलतीपेक्षा जास्त सवलत ग्राहकाला दिली, तर विक्रेत्याला दंड होतो, अशी त्यात तक्रार होती. आयोगानं स्वतःहून चौकशी लावली.

चौकशीत पुढे आलेली पद्धत अशी. कंपनीनं नेमलेल्या संस्थांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची आणि जास्तीची सवलत मागायची. कुणी दिली, की पुराव्यासह अहवाल कंपनीकडे जायचा. मग विक्रेत्याला ई-मेल यायचा, खुलासा मागितला जायचा. खुलासा पटला नाही तर शोरूमलाच नाही, तिथल्या मॅनेजरला आणि विक्री करणाऱ्या मुलामुलींनाही दंड. पुरवठा बंद करण्याची धमकीही असायची. दंडाचे पैसे कुठे भरायचे, कशासाठी वापरायचे, हेही कंपनीच सांगायची.

कंपनीचं म्हणणं होतं, की हे नियम विक्रेत्यांनी आपसात ठरवले होते. आयोगानं ई-मेल तपासले आणि ते मान्य केलं नाही. 23 ऑगस्ट 2021 रोजी 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीनं त्याविरुद्ध अपील केलं.

पण अशी प्रत्येक अट बेकायदा असते असं नाही. एखाद्या लहान कंपनीनं चार दुकानांशी "आमचाच माल ठेवा" असा करार केला, तर बाजारावर फारसा परिणाम होत नाही. कधी अशा करारामुळे दुकानदार नीट प्रशिक्षण घेतो, सर्व्हिस चांगली देतो. म्हणून आयोग विचारतो : या अटीमुळे स्पर्धेला खरोखर मोठा धक्का बसला का? नव्या कंपनीला बाजारात यायची वाट बंद झाली का? ग्राहकाचं नुकसान झालं का? मोठ्या कंपनीची अट म्हणूनच जास्त जड पडते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू. 2023 च्या दुरुस्तीनंतर कलम 3(4) शेवटच्या ग्राहकाशी झालेल्या व्यवहाराला लागू होत नाही. म्हणजे दुकानदारानं आपल्याला बाटली घ्यायला लावली, तर ती तक्रार या कलमात बसणार नाही. खताची असेल तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे जायचं, इतर मालाची असेल तर ग्राहक आयोगाकडे. पण कंपनीनं दुकानदाराला लावलेली अट स्पर्धा आयोगापुढे नेता येते.

आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः किराणा, जनरल स्टोअर्स किंवा कृषी केंद्र चालवतात. त्यांनी कंपनीच्या माणसाचं तोंडी सांगणं मेसेजवर लिहून मागावं, दोन वेगळे माल असतील तर बिलात ते वेगवेगळे दाखवून घ्यावेत. मारुतीच्या प्रकरणात चौकशीला आधार मिळाला तो अशाच लेखी निरोपांचा. आणि गिऱ्हाईक म्हणून आपण दुकानदाराला एवढं जरूर विचारावं, "भाव कमी करत नाही, की करू देत नाहीत?"